बोटीवरची वर्षे, किनाऱ्यावरचा हिशेब

मर्चंट नेव्हीतल्या अधिकाऱ्याची सगळी कारकीर्द एका छोट्या पुस्तिकेत मावते. बोटीवरची माणसे तिला सीडीसी म्हणतात. तिच्यात एका जहाजाला एक नोंद असते: जहाजाचे नाव, चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर, हुद्दा, आणि शेवटी कॅप्टनची सही व जहाजाचा शिक्का. बढतीची परीक्षा देताना नौवहन महासंचालनालय याच नोंदींच्या आधारे ‘सी टाइम’ मोजते, म्हणजे प्रत्यक्ष जहाजावर काढलेले महिने आणि दिवस. समुद्रावरच्या व्यवस्थेला एवढे पुरते. अमुक हुद्द्यावर अमुक महिने काढले म्हणजे माणसाला काय काय येत असणार, हे तिथे सर्वांना माहीत असते.

किनाऱ्यावरच्या नोकरीसाठी हाच हिशेब पुढे केला की तो वाचणाऱ्याला लागत नाही. बायोडेट्यात ‘मास्टर’ असे दिसले की भरती विभागातला माणूस ती पदव्युत्तर पदवी समजू शकतो. मराठी कानाला तर आधी शाळेतले मास्तर आठवतात. प्रत्यक्षात मास्टर म्हणजे जहाजाचा कॅप्टन. ‘सेकंड मेट’, ‘फॉरेन गोइंग’, ‘सुप्रामॅक्स’ हे शब्द जहाजधंद्याबाहेर कोणाला काहीच सांगत नाहीत. धंद्यातल्या ऑफिसांत ते समजतात, पण तिथेही प्रश्न वेगळा असतो. किती महिने काढले यापेक्षा त्या महिन्यांत कोणते निर्णय घेतले आणि त्यामुळे कोणाचे पैसे वाचले किंवा बुडाले, हे तिथे जाणून घ्यायचे असते.

हे रूपांतर कसे होते ते पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. कॅप्टनचे वय ३६. कॅडेट म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढल्याला १६ वर्षे झाली. सगळी नोकरी बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळसा, धान्य, खत, लोहखनिज असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजांवर झाली. शेवटचे २८ महिने कॅप्टन म्हणून. आता त्याला मुंबईतल्या एखाद्या जहाज कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजरची जागा हवी आहे.

महिन्यांचा हिशेब

या कॅप्टनचा सी टाइम असा आहे: कॅडेट म्हणून १८ महिने, थर्ड आणि सेकंड ऑफिसर म्हणून ३४, चीफ ऑफिसर म्हणून ३२ आणि कॅप्टन म्हणून २८. एकूण ११२ महिने. सोळा वर्षांचे महिने होतात १९२. म्हणजे ८० महिने तो जहाजावर नव्हता. त्यातला काही काळ परीक्षा आणि सक्तीच्या अभ्यासक्रमांत गेला, बाकीचा दोन करारांमधल्या सुटीत.

बाहेरच्या वाचकाला यात दोन गोष्टी खटकतात. दर काही महिन्यांनी रिकामी जागा दिसते, आणि १६ वर्षांत वीसेक जहाजांची नावे दिसतात. माणूस कुठे टिकत नाही असा समज व्हायला एवढे पुरे. वास्तविक जहाजावरची नोकरी कराराने चालते. कनिष्ठ अधिकाऱ्याचा करार साधारण सहा-सात महिन्यांचा, वरिष्ठाचा चार-पाच महिन्यांचा. करार संपला की माणूस साइन ऑफ करून घरी येतो आणि पुढच्या वेळी त्याच कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर जाऊ शकतो. जहाज बदलले म्हणून मालक बदलतोच असे नाही.

म्हणून बायोडेट्यात जहाजांची यादी करण्याऐवजी कंपनी आणि हुद्दा यांनुसार गट करावे लागतात: अमुक कंपनी, अमुक वर्ष ते अमुक वर्ष, कॅप्टन, चार जहाजांवर सहा करार. रिकाम्या जागा त्यात आपोआप मिटतात. जहाजांची सविस्तर यादी जोडपत्रात ठेवता येते. जहाजधंद्यातला मालक ती मागतोच.

मुलाखतीत ८० महिन्यांबद्दल विचारलेच तर एक साधा हिशेब उपयोगी पडतो. जहाजावर रविवार नसतो. ११२ महिने म्हणजे सुमारे ३,३६० दिवस, आणि ते सगळे कामाचे. पाच दिवसांचा आठवडा, सणवार आणि रजा वजा जाता ऑफिसातला माणूस वर्षाला साधारण २४० दिवस काम करतो. त्या मापाने ३,३६० दिवसांची १४ वर्षे होतात. सोळा वर्षांच्या नोकरीतून चौदा वर्षांचे काम निघाले म्हटल्यावर रिकाम्या जागांचा प्रश्न उरत नाही. मात्र हा हिशेब तोंडी सांगण्यासाठी आहे. कागदावर प्रत्यक्ष तारखाच लिहायच्या, कारण त्या सीडीसीशी ताडून पाहिल्या जातात.

जहाजाचा प्रकार काय सांगतो

समुद्रावर जहाजाची ओळख आकाराने होते. बल्क कॅरिअरमध्ये हँडीसाइझ, सुप्रामॅक्स, पनामॅक्स, केपसाइझ. टँकरमध्ये एमआर, अफ्रामॅक्स, व्हीएलसीसी. कंटेनरचे जहाज किती टीईयूचे, म्हणजे वीस फुटी कंटेनर किती बसतात, यावर मोजले जाते. धंद्याबाहेरच्या वाचकासाठी ही नावे सोडवून सांगावी लागतात. उदाहरणातला कॅप्टन ज्या सुप्रामॅक्सवर होता तिची वहनक्षमता ५८ हजार टन. एका फेरीत ती साधारण ५२ हजार टन माल नेत असे. मालगाडीच्या एका रेकमध्ये सुमारे ४ हजार टन कोळसा बसतो असे धरले, तर एका जहाजातून तेरा रेक कोळसा उतरतो. शिवाय जहाजावर स्वतःच्या चार क्रेन असतात, त्यामुळे धक्क्यावर क्रेन नसलेल्या बंदरातही ती माल उतरवू शकते. एवढे दोन-तीन वाक्यांत सांगितले की वीज कंपनीच्या किंवा सिमेंट कारखान्याच्या मालवाहतूक विभागातल्या माणसालाही चित्र दिसते.

जहाजधंद्यातल्या मालकाला आकार समजावून सांगावा लागत नाही. त्याला जहाजाच्या प्रकारातून दुसरेच काही कळते: हा अधिकारी कोणत्या गिऱ्हाइकांशी आणि कोणत्या वादांशी सरावला आहे. टँकरवरच्या अधिकाऱ्याने मोठ्या तेल कंपन्यांच्या तपासण्या दिलेल्या असतात. त्या तपासण्यांची सायर नावाची समाईक पद्धत १९९३पासून चालू आहे आणि तिचा अहवाल वाईट आला तर तेल कंपनी जहाज भाड्याने घेत नाही. म्हणून टँकरच्या कॅप्टनला किनाऱ्यावर व्हेटिंग विभागात, म्हणजे जहाजांना या तपासण्यांसाठी तयार ठेवणाऱ्या विभागात, मागणी असते. कंटेनर जहाजावरचा अधिकारी वेळापत्रकात मुरलेला असतो. धक्क्यावरची ठरलेली वेळ चुकली की पुढच्या चार बंदरांचे गणित बिघडते, हे त्याने अनुभवलेले असते. त्याचा रस्ता न्हावा शेवासारख्या बंदरातल्या टर्मिनलकडे किंवा लायनर कंपनीकडे सरळ जातो.

बल्क कॅरिअरवरच्या अधिकाऱ्याचा अनुभव बराचसा भाडेकरारांचा असतो. ही जहाजे ठरलेल्या मार्गावर फिरत नाहीत. आज एक चार्टरर म्हणजे भाडेकरू, उद्या दुसरा. आज कोळसा, पुढच्या फेरीला गहू. प्रत्येक फेरीत मालाचे वजन, बंदरात गेलेला वेळ आणि जळालेले इंधन यांवरून पैशांचा वाद होऊ शकतो. उदाहरणातल्या कॅप्टनकडे विकण्याजोगे जे आहे ते इथे आहे. पण त्याच्या बायोडेट्यात ‘कार्गो वॉच केला’ आणि ‘कागदपत्रे सांभाळली’ एवढेच लिहिलेले आहे.

एका सेंटिमीटरची किंमत

चीफ ऑफिसरचे एक नेहमीचे काम म्हणजे ड्राफ्ट सर्व्हे. पन्नास हजार टन कोळसा तराजूवर तोलता येत नाही, म्हणून जहाजालाच तराजू करतात. माल भरण्याआधी आणि भरल्यानंतर जहाज पाण्यात किती बुडाले आहे हे सहा ठिकाणी वाचले जाते: पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना. त्यावरून जहाजाचे एकूण वजन काढायचे, त्यातून बॅलास्टचे पाणी, इंधन आणि पिण्याचे पाणी वजा करायचे. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक म्हणजे माल.

या जहाजाची पातळी एक सेंटिमीटरने बदलली तर वजन सुमारे ५७ टनांनी बदलते. बंदरात लाटा असतील तर पाण्याची रेषा सतत हलते आणि दोन सेंटिमीटरची चूक सहज होते. म्हणजे ११४ टन. कोळशाचा भाव टनाला १०० डॉलर धरला तर ११,४०० डॉलर. माल पाठवणाऱ्याने किनाऱ्यावरच्या काट्याचा आकडा पुढे केला, तो जहाजाच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला आणि तरीही त्यावर मुकाट्याने सही झाली, तर उतरवताना कमी भरलेला माल जहाजमालकाच्या गळ्यात पडतो. चांगला चीफ ऑफिसर बॅलास्टच्या टाक्या स्वतः मोजून घेतो, पाण्याची घनता तपासतो, फरक मोठा असेल तर कॅप्टनला सांगून लेखी हरकत नोंदवतो.

किनाऱ्याच्या भाषेत हे काम असे मांडावे लागते: ‘प्रत्येक फेरीत सुमारे ५२ हजार टन मालाचे वजन स्वतंत्रपणे निश्चित केले; माल पाठवणाऱ्याच्या आकड्याशी तफावत आली तेव्हा लेखी हरकत नोंदवून मालकावरील तुटीचे दावे टाळले.’ वाक्यात तीन गोष्टी आहेत: किती मोठे काम, कोणता निर्णय, त्याचा परिणाम काय. रूपांतराचा साचा एवढाच आहे.

सोळा तासांचा पाऊस

कॅप्टनच्या कामात पैसा कुठे असतो ते बंदरातल्या वेळेच्या हिशेबात स्पष्ट दिसते. भाडेकरारात माल उतरवण्यासाठी ठराविक वेळ दिलेली असते, तिला ले-टाइम म्हणतात. ती ओलांडली की चार्टरर जहाजमालकाला दिवसाच्या दराने भरपाई देतो, ते डेमरेज. वेळ कधी सुरू होते हे कॅप्टनच्या एका पत्रावर ठरते. जहाज पोचले आणि माल उतरवायला तयार आहे, असे सांगणारी ही नोटीस ऑफ रेडिनेस.

समजा, ५० हजार टन कोळसा उतरवायचा आहे. करारातला दर दिवसाला १० हजार टन, म्हणजे पाच दिवस. रविवार मोजायचा, पावसाने काम थांबलेले तास मोजायचे नाहीत, आणि नोटीस दिल्यावर बारा तासांनी घड्याळ सुरू. जहाज सोमवारी सकाळी ६ वाजता पोचले आणि कॅप्टनने लगेच नोटीस दिली. घड्याळ सोमवारी संध्याकाळी ६ वाजता सुरू झाले. पाच दिवस शनिवारी संध्याकाळी ६ वाजता संपले असते. पण मध्ये १४ तास पाऊस होता, म्हणून दिलेली वेळ रविवारी सकाळी ८ वाजता संपली. माल पुढच्या सोमवारी रात्री ८ वाजता उतरून झाला. म्हणजे ३६ तास जास्त. डेमरेजचा दर दिवसाला १५ हजार डॉलर असेल तर मालकाचे येणे २२,५०० डॉलर.

आता बंदरातला एजंट सर्व घडामोडींचे वेळापत्रक तयार करून सहीसाठी आणतो. तो बहुधा चार्टररने नेमलेला असतो. त्याच्या कागदात पाऊस १४ ऐवजी ३० तास दाखवलेला आहे. तसे धरले तर दिलेली वेळ रविवारी मध्यरात्री संपते, जास्तीचे तास ३६ ऐवजी २० होतात आणि येणे १२,५०० डॉलरवर येते. सोळा तासांच्या न पडलेल्या पावसाने १० हजार डॉलर गेले.

जहाज सुटायची घाई असते, पायलट ब्रिजवर आलेला असतो, कागदांचा गठ्ठा समोर असतो. दमलेला कॅप्टन सही करून मोकळा होतो. सावध कॅप्टन डेकवरच्या लॉगबुकात पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ रोजच्या रोज लिहून घेतो, हॅच कधी बंद केले आणि कधी उघडले ते त्याच्याशी जुळवतो, आणि एजंटच्या कागदावर ‘पावसाचे तास मान्य नाहीत, जहाजाच्या नोंदी पाहाव्यात’ असा शेरा मारूनच सही करतो. किनाऱ्यावर बसलेला ऑपरेशन्स मॅनेजर किंवा डेमरेजचा हिशेब करणारा माणूस पुढे त्याच शेऱ्याच्या बळावर दावा लढवतो. म्हणजे उदाहरणातला कॅप्टन जी नोकरी मागतो आहे तिचा अर्धा भाग तो दुसऱ्या टोकाने आधीच करत होता. बायोडेट्यात मात्र त्याने ‘पोर्ट पेपरवर्क’ असे दोन शब्द लिहिले होते.

ऑफिसला कॅप्टन कशाला हवा

जहाज कंपनीच्या ऑफिसात समुद्रावरची माणसे लागतात, याला कायद्याचेही कारण आहे. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसे गेली. चौकशीत जहाजावरच्या माणसांबरोबर किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनावरही ठपका आला. अशा दुर्घटनांनंतर आयएसएम संहिता तयार झाली आणि १९९८पासून टप्प्याटप्प्याने जहाजांना सक्तीची झाली. त्या संहितेप्रमाणे कंपनीला लेखी सुरक्षा-व्यवस्था ठेवावी लागते, वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत थेट पोच असलेला एक माणूस किनाऱ्यावर नेमावा लागतो, आणि सुरक्षेच्या बाबतीत कॅप्टनचा शब्द शेवटचा हे मान्य करावे लागते. ही व्यवस्था चालवणारे ऑडिटर आणि मरीन सुपरिंटेंडंट बहुतेक माजी कॅप्टन किंवा चीफ ऑफिसर असतात, तर यंत्रांची व दुरुस्तीची बाजू पाहणारे टेक्निकल सुपरिंटेंडंट बहुधा माजी चीफ इंजिनिअर.

यावरून कोणत्या हुद्द्यावर उतरावे याचाही अंदाज येतो. ऑपरेशन्सच्या खालच्या जागेवर सेकंड किंवा चीफ ऑफिसरही घेतले जातात, कारण तिथे पुढचे काम ऑफिसातच शिकवले जाते. मरीन सुपरिंटेंडंट किंवा बंदरातला पायलट व्हायचे तर सहसा मास्टरचे प्रमाणपत्र लागते, आणि सुपरिंटेंडंटसाठी कमांडचा, म्हणजे प्रत्यक्ष कॅप्टनपणाचा, काळही पाहिला जातो. जहाज दलाली, चार्टरिंग आणि विमा या शाखांत हुद्द्याइतकेच भाडेकराराचे व कायद्याचे ज्ञान लागते. १९११ साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड शिपब्रोकर्सच्या परीक्षा अनेक अधिकारी त्यासाठीच देतात, बरेचदा सुटीत अभ्यास करून.

जे रूपांतरित होत नाही

कॅप्टनच्या हुद्द्यात जे नव्हते ते बायोडेट्यात घालण्याचा मोह मोठा असतो. ‘अडीच कोटी डॉलरच्या मालमत्तेचे व्यवस्थापन केले’ हे वाक्य अशा बायोडेट्यांत हमखास भेटते. जहाज कॅप्टनच्या ताब्यात होते हे खरे. पण ते विकत घ्यावे की विकावे, कोणत्या दराने भाड्याने द्यावे, यातला एकही निर्णय त्याचा नव्हता. नफातोट्याची जबाबदारी कॅप्टनकडे नसते. खलाशी आणि अधिकारी त्याने निवडलेले नसतात. मॅनिंग ऑफिस पाठवते ते येतात. इंधनाचा भाव ऑफिस ठरवते. त्याच्या हातात असतो तो वापर: वेग किती ठेवायचा, हवामान पाहून मार्ग कुठे वळवायचा, रोजचा इंधनाचा अहवाल खरा आहे की नाही. मुलाखत घेणारा एकच प्रश्न विचारतो, ‘यातला तुमचा निर्णय कोणता?’, आणि फुगवलेले वाक्य तिथे फुटते. ‘भरती केली’ याऐवजी ‘२१ जणांचे मूल्यमापन केले, त्यांतील बढतीच्या शिफारशी केल्या’ हे खरे आणि तितकेच वजनदार आहे.

दुसरा फरक कामाच्या रीतीचा आहे. जहाजावर कॅप्टनने सांगितले की होते. ऑफिसात ऑपरेशन्स मॅनेजरला एकाच वेळी आठ-दहा जहाजे पाहावी लागतात आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांतले जवळजवळ कोणीच त्याच्या हाताखाली नसते: एजंट, चार्टरर, इंधन पुरवणारा, आणि जहाजावरचा कॅप्टन, जो आता समोरच्या बाजूला आहे. म्हणून हुकमापेक्षा मन वळवल्याची उदाहरणे मुलाखतीत जास्त उपयोगी पडतात. टर्मिनलच्या फोरमनला समजावून माल उतरवण्याचा क्रम बदलून घेतला, त्यामुळे जहाजावर ताण आला नाही आणि पाच तासही वाचले, अशी एखादी गोष्ट वादळातून जहाज काढल्याच्या गोष्टीपेक्षा इथे वरचढ ठरते.

कागदावर शेवटी काय उरते

उदाहरणातल्या कॅप्टनचा मूळ मजकूर असा होता: ‘मास्टर, सुप्रामॅक्स बल्क कॅरिअर, २८ महिने. जहाजाचे सुरक्षित संचालन, पोर्ट पेपरवर्क, आयएसएमची अंमलबजावणी.’ त्याच २८ महिन्यांचे रूपांतर असे होते:

‘कॅप्टन, चार जहाजे, सहा करार, प्रत्येकी २१ जणांचा चमू. एकूण २२ फेऱ्यांत ११ लाख ४४ हजार टन कोळसा, धान्य व खत यांची वाहतूक. प्रत्येक बंदरात नोटीस ऑफ रेडिनेस, वेळेच्या नोंदी व लेखी हरकती स्वतः हाताळल्या. डेमरेजच्या दाव्यांसाठी ऑफिसला पुरावे पुरवले. करारात कबूल केलेला वेग व इंधनवापर पाळण्याची जबाबदारी. बंदर-सरकारांच्या ९ तपासण्या, एकदाही जहाज अडवले गेले नाही.’

लांबी थोडी वाढली, पण आता वाचणाऱ्याला विचारायला जागा मिळाली. प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगता येते: २२ फेऱ्या आणि फेरीमागे सरासरी ५२ हजार टन. ज्या आकड्यामागची गोष्ट सांगता येत नाही तो आकडा वगळलेलाच बरा.

अर्ज करण्याआधी दोन व्यवहारही पाहून घ्यावे लागतात. पहिला पैशांचा. परदेशी जहाजांवर काम करून आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहणारा अधिकारी सामान्यतः अनिवासी ठरतो आणि परदेशातल्या पगारावर त्याला इथे कर लागत नाही. ऑफिसातल्या पगारावर पूर्ण कर लागतो, आणि पहिला पगार बहुधा कॅप्टनच्या पगारापेक्षा बराच कमी असतो. सुटीच्या महिन्यांत पगार नसतो हे ध्यानात घेऊन दोन्हींची तुलना वर्षाच्या हातात येणाऱ्या रकमेवर करावी, महिन्याच्या आकड्यावर नव्हे. दुसरा व्यवहार परतीच्या वाटेचा. मास्टरच्या प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी मागच्या पाच वर्षांत बारा महिने, किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने समुद्रसेवा लागते. किनाऱ्यावरची काही कामे समकक्ष धरली जातात, सगळी नाही. आपली नवी नोकरी त्यांत बसते का, हे रुजू होण्याआधीच विचारावे.

राहते ते आकडे गोळा करण्याचे काम, आणि ते जहाजावर असतानाच व्हावे लागते. लॉगबुक जहाजाचे असते, अहवाल कंपनीचे. त्यांच्या प्रती घरी आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. साइन ऑफ झाल्यावर सीडीसीत फक्त दोन तारखा आणि एक शिक्का उरतो. म्हणून अजून जहाजावर असलेल्या अधिकाऱ्याने प्रत्येक करारात स्वतःची एक वही ठेवावी: फेऱ्या किती, माल कोणता आणि किती टन, तपासण्या किती, कोणती हरकत कधी नोंदवली आणि तिचे पुढे काय झाले. फेरी संपल्यावर पंधरा मिनिटांचे काम आहे. दहा वर्षांनी बायोडेटा लिहिताना हे आकडे दुसरीकडे कुठेही मिळत नाहीत.